कच्चा ड्राफ्ट शेजारी ठेवून कॅप्शन लिहायची पद्धत: काही महिन्यांनंतरचा अनुभव

मी बरेच महिने कॅप्शन या एकाच पद्धतीने लिहितेय. आधी फोटो बघत व्हॉइस नोट करायची, मिनिटभराची पुरते, आणि ती जशी बोलले तशीच नोट्समध्ये टाइप करायची. मग त्याची कॉपी करून फक्त कॉपीवर हात फिरवायचा, मूळ नोटला अजिबात हात लावायचा नाही. शेवटी दोन्ही वर-खाली ठेवून वाचायचं.

खरा फायदा या शेवटच्या वाचण्यात आहे. ताईने विणलेल्या स्वेटरच्या फोटोचंच बघा. कच्च्यात होतं, "ताईने विणलाय, आणि उजवी बाही बोटभर लांब झालीये, तिला सांगितलं तर म्हणते घडी मार, मी उसवणार नाही." कॉपी दोनतीनदा घासून झाल्यावर तिथे आलं, "प्रेमाने विणलेल्या प्रत्येक टाक्यात नात्याची ऊब असते." वाचायला छान, कुठे अडखळायला होत नाही, पण हे वाक्य कुणाच्याही स्वेटरखाली चालेल, शालीखाली चालेल, गोधडीखाली पण चालेल. मी हीच चाचणी लावते, वाक्य दुसऱ्याच्या फोटोखाली बिनबोभाट बसलं की ते काढायचं.

आणि गेलं काय ते बघितलं की कळतं, बाही गेली, बोटभर गेलं, ताईचं बोलणं गेलं. "प्रेम" आणि "ऊब" हे मी बोलताना एकदाही म्हटलं नव्हतं, तरी ते घडी मार मध्ये आहेच ना! त्यामुळे आता मी परत आणते त्या दिसणाऱ्या वस्तू, कुणाचं तरी बोललेलं वाक्य आणि क्रियापदाचं बोली रूप. "झालीये"चं "झाली आहे" केलं की माझा आवाज लगेच सरकारी होतो.

पॉलिश केलेला ड्राफ्ट फेकून द्यायचा असं मात्र नाही हं. क्रम त्याच्यातूनच सापडतो. इन्स्टावर कॅप्शन २,२०० अक्षरांपर्यंत जातं पण फीडमध्ये सुरुवातीचा तुकडाच दिसतो, बाकी टॅप केल्यावर. म्हणून बाही वर घेतली. शेवटी टाकलं ते असं:

"उजवी बाही बोटभर लांब झालीये. ताईला सांगितलं तर म्हणते घडी मार, मी उसवणार नाही. मारली घडी. आता थंडी जाईपर्यंत हाच."

शुद्धलेखन मी सुधारतेच, आणि "म्हणजे ना" सारखं पुन्हापुन्हा येणारं पण काढते, एखादं राहू देते. बोलण्यातलं सगळं लिहिण्यात चालत नाही, समोरच्याला ताई कोण हे माहीत नसेल तर एक शब्द वाढवावाच लागतो.

जिथे ही पद्धत मला नाही जमली ते म्हणजे कार्यक्रमाची माहिती, वेळ, जागा, नावनोंदणी वगैरे. तिथे लोकांना तपशील पटकन हवा असतो, सरळ सपाट लिहिलेलंच बरं, व्हॉइस नोट करत बसू नका.