लॅपटॉपसाठी वायरलेस क्लिप माइक: काही महिन्यांच्या वापरानंतर, आणि बॉक्समध्ये न मिळालेल्या एका केबलबद्दल

दहावीच्या भूमितीत समरूप त्रिकोणांचं प्रमेय आहे: क्षेत्रफळांचं गुणोत्तर संगत बाजूंच्या वर्गांच्या गुणोत्तराएवढं असतं. माझ्या तासाच्या रेकॉर्डिंगमध्ये त्यातला 'वर्गांच्या' हा शब्दच गायब झाला होता. उरलेलं वाक्य ऐकायला नीट वाटत होतं आणि गणित म्हणून चूक होतं. एका विद्यार्थिनीने ते ऐकून तसंच उदाहरण सोडवलं, तेव्हा मला कळलं. तोवर मी हा माइक भेटेल त्याला घ्यायला सांगत होते.

संच नेहमीचाच आहे. कॉलरला लावायचे दोन ट्रान्समीटर, टाइप-सी पिनचा छोटा रिसीव्हर, २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा. लॅपटॉपला जोडायला ड्रायव्हर लागत नाही. एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी घोळ घालते. माझ्या रिसीव्हरला हेडफोनचं भोक आहे, म्हणून विंडोज त्याला माइकबरोबर स्पीकरही समजतं आणि ऑनलाइन तासाला मुलांचा आवाज लॅपटॉपमधून यायचा बंद होतो. साउंड सेटिंगमध्ये Input ला रिसीव्हर आणि Output ला लॅपटॉपचा स्पीकर असं वेगवेगळं निवडलं की काम होतं.

पेअरिंगही सोपं आहे. रिसीव्हरचं बटण दिवा भराभर लुकलुकेपर्यंत दाबून धरायचं आणि मग ट्रान्समीटर चालू करायचा. दिवा स्थिर झाला की जोडी जमली. पण पेअरिंग म्हणजे चॅनल ठरवणं नव्हे. पेअरिंगमध्ये रिसीव्हर फक्त ट्रान्समीटरची ओळख लक्षात ठेवतो, म्हणजे शेजारच्या खोलीतला तसलाच माइक आपल्या लॅपटॉपवर बोलू लागत नाही. कोणत्या फ्रिक्वेन्सीवर बोलायचं हे या प्रकारातले बहुतेक संच स्वतःच ठरवतात आणि गर्दी दिसली की जागा बदलतात. हाताने चॅनल निवडायची सोय माझ्या संचात नाही. त्यामुळे आवाज तुटला की पुन्हा पेअर करण्यात वेळ घालवू नये, आजूबाजूची गर्दी कमी करावी. एकाच घरात दोन संच असतील तर मात्र एकाचं पेअरिंग चालू असताना दुसरा पूर्ण बंद ठेवावा, नाहीतर जोड्या उलटसुलट लागतात.

आता तक्रारीकडे, म्हणजे गळणाऱ्या शब्दांकडे. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी संच त्यांच्या लॅपटॉपला लावला, पंधरा मिनिटं बोलून दाखवलं, आवाज स्वच्छ. मी हट्टाने संच बदलून घेतला. नव्यातही तेच. रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून मोठं करून पाहिलं, तर शब्दाच्या मधोमध लाट एकदम सपाट, काही क्षण पूर्ण शांतता, मग पुन्हा आवाज. हा पुरावा महत्त्वाचा आहे. गेन कमी-जास्त असेल किंवा पंखा ऐकू येत असेल तर मागे सतत खरखर राहते. डिजिटल वायरलेसमध्ये सिग्नल हरवला तर खरखर होत नाही, तेवढा तुकडाच जातो.

तुकडा हवेत हरवतोय की लॅपटॉपमध्ये, हे शोधायची चाचणी सोपी आहे. ट्रान्समीटर रिसीव्हरपासून वीतभर अंतरावर ठेवून बोलायचं. तरीही तसंच तुटत असेल तर संशय लॅपटॉपवर, म्हणजे त्यावरचा ताण किंवा सैल पोर्ट. जवळ नीट आणि फळ्यापाशी गेल्यावर तुटत असेल तर अडथळा हवेत आहे. माझं जवळ नीट होतं. शिवाय ऑनलाइन तासात आवाज कधीच तुटत नव्हता, फक्त रेकॉर्डिंगच्या दिवशी तुटत होता. दोन्हींत फरक एकच: लॅपटॉप भरल्यामुळे रेकॉर्डिंग मी थेट बाहेरच्या हार्ड डिस्कवर साठवत होते, आणि ती डिस्क रिसीव्हरच्या शेजारच्याच पोर्टमध्ये होती.

डिस्क यूएसबी ३ ची होती, आणि यूएसबी ३ चं हे दुखणं जुनं आणि माहितीतलं आहे. इंटेलने २०१२ साली त्यावर स्वतंत्र टिपण काढलं होतं. सेकंदाला ५ गिगाबिटने डेटा धावतो तेव्हा त्या पोर्टमधून, केबलमधून आणि डिस्कच्या खोक्यातून जी रेडिओ गडबड बाहेर पडते, ती नेमकी २.४ ते २.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरते. माइकचाच पट्टा असल्यामुळे ती गाळून काढता येत नाही, आणि सगळा पट्टाच गढूळ झाल्यावर रिसीव्हरने जागा बदलूनही उपयोग नाही. डिस्क नुसती लावलेली असताना त्रास बहुधा कमी असतो, लिहायला लागली की वाढतो. सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर डिस्क नव्हती, म्हणून तिथे दोष दिसलाच नाही.

उपाय अंतराचा. मी दीड मीटरची साधी यूएसबी २.० एक्स्टेन्शन केबल आणि टाइप-सीचा अडॅप्टर घेतला, दोन्ही मिळून दोनशे रुपयांच्या आत. माइकला यूएसबी २.० चा वेग भरपूर पुरतो. नुसतं चार्जिंग करणारी केबल मात्र घेऊ नका, तिच्यात डेटाच्या तारा नसतात आणि लॅपटॉपला रिसीव्हर दिसतच नाही. केबलच्या टोकाला रिसीव्हर लावून तो फळ्याच्या कडेला, छातीच्या उंचीवर टेपने चिकटवला. त्यामुळे दुसराही प्रश्न सुटला. शरीरातलं पाणी २.४ गिगाहर्ट्झ शोषून घेतं. लॅपटॉप मागे टेबलावर आणि मी फळ्याकडे तोंड करून लिहितेय, म्हणजे छातीवरचा ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांच्यामध्ये मीच उभी. आता दोघांची नजरानजर असते. मग डिस्क जोडून, मुद्दाम मोठी फाइल कॉपी करत पूर्ण तास रेकॉर्ड केला. ऑडॅसिटीत एकही सपाट तुकडा नाही.

वाय-फायचं एवढंच. आमच्या सोसायटीत प्रत्येक घरी राउटर आहे आणि २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा संध्याकाळी भरलेला असतो. आपला लॅपटॉप कुठे आहे ते कमांड प्रॉम्प्टमध्ये पाहता येतं:

```
netsh wlan show interfaces
```

`Channel` समोर १ ते १३ मधला आकडा असेल तर लॅपटॉप बहुधा माइकच्याच पट्ट्यात आहे, ३६ किंवा पुढचा असेल तर बहुधा ५ गिगाहर्ट्झवर. माझा ६ वर होता. राउटरने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलं होतं, म्हणून ५ गिगाहर्ट्झला वेगळं नाव देऊन लॅपटॉप त्यावर नेला. शेजाऱ्यांचे राउटर तसेच राहतात, पण जवळूनच ओरडणारा आपला लॅपटॉप गप्प होतो. तासाच्या वेळी ब्लूटूथ इअरबड बंद ठेवते आणि वायरलेस माउसचा डोंगल दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये लावते.

महिन्याभरापूर्वी मी याला दोन तारे देऊन मोकळी झाले असते. आता चार देते. आवाज स्पष्ट आहे, बॅटरी संध्याकाळच्या दोन्ही बॅचना पुरते, आणि कॉलरची पकड अजून घट्ट आहे. पाचवा तारा कापलाय तो त्या केबलसाठी. रिसीव्हर थेट पोर्टमध्ये खुपसायचा असाच घडवलाय, तरी माहितीपत्रकात यूएसबी ३ चा उल्लेख नाही आणि खोक्यात वीतभर केबलही नाही, उलट वारा अडवणाऱ्या फरच्या दोन टोप्या आहेत, ज्यांचा घरात काही उपयोग नाही. घेणार असाल तर केबलचे दोनशे रुपये किमतीत धरूनच तुलना करा.