उष्टावणाला काय द्यावं: चांदीची वाटी, खुर्ची की पोस्टातलं खातं?

मुलगी असेल तर विषम महिन्यात उष्टावण करतात. सातवा लागला की सहा महिने पूर्ण झालेले असतात आणि डॉक्टरही वरचं अन्न तेव्हाच सुरू करायला सांगतात. मुलाला सहावा चालू असताना मात्र ती अट पूर्ण होत नाही, म्हणून आठव्यात करणं बरं. पहिला घास मामाने भरवायचा. मऊ भात, वरणाचं पाणी, थेंबभर तूप. मध मात्र वर्षाच्या आत बोटभरही चाटवू नये. त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

आता भेटी. चांदीची वाटी-चमचा मामाचा मान, तो तसाच राहू द्या. पण घरात एक वाटी पुरते. आत्या, काकू, मावशी सगळ्यांनीच आणली तर बाकीच्या कपाटात काळ्या पडतात आणि मोडीत दिल्या तर मजुरी हाती येत नाही, फक्त चांदीचा भाव मिळतो. म्हणून नक्षी कमी, काठ गुळगुळीत, तळ जाड अशी घ्या आणि हॉलमार्क मागून घ्या. त्यात ९२५ किंवा ९९० असा शुद्धतेचा आकडा असतो. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसतेच, त्यामुळे ते खऱ्याच्या भावात गळ्यात पडत नाही ना, तेवढं पाहा. चांदीचा चमचा पहिल्या घासापुरता ठीक. हिरड्यांना तो टणक लागतो, रोजच्यासाठी उथळ, मऊ सिलिकॉनचा हवा.

घुंगरांचे वाळे दिसायला गोड, पण सातव्या महिन्यात सगळं तोंडात जातं आणि सुटलेलं घुंगरू घशात अडकू शकतं. ते मी टाळायला सांगेन. कपडे द्यायचेच तर वर्षाच्या मापाचे.

समजा, मामा सोडून चार घरं आहेत आणि प्रत्येकी पंधराशे खर्चायची तयारी आहे. वेगवेगळ्या चार वस्तूंऐवजी सहा हजार एकत्र करा. अडीच हजारांत पट्टा असलेली, पुसता येणारी जेवणाची खुर्ची घ्या, कारण बसून जेवण्याची सवय नेमकी आता लागते. उरलेले साडेतीन हजार पोस्टातल्या सुकन्या समृद्धी खात्यात भरा. खातं आईवडील किंवा कायदेशीर पालकच उघडू शकतात, मुलगी दहा वर्षांची होईपर्यंत, म्हणून पैसे त्यांच्याकडे द्यायचे. वर्षाला किमान २५० रुपये पुरतात, त्यामुळे पुढच्या वाढदिवसांनाही आजी-आजोबांना त्यात भर घालता येते. अडचण एवढीच की मुलगी अठराची होईपर्यंत किंवा दहावी पास होईपर्यंत त्यातून काढता येत नाही. हाताशी पैसा लागणाऱ्या घराला सरळ पाकीट द्यावं. मुलगा असेल तर सुकन्याऐवजी त्याच्या नावाने पीपीएफ.

फोनवर हे आधी ठरवायला आत्याच योग्य. तिने विचारलं तर कुणाला वाईट वाटत नाही.