वेबर की रिने: अचानक एक कान गेला तर आधी कोणावर भिस्त ठेवायची?

पेशंटचा एक कान अचानक बंद झालाय. ओटोस्कोपने पाहिलं तर पडदा स्वच्छ, मळ नाही, पाणी नाही. ऑडिओग्राम व्हायला एक-दोन दिवस लागणार, आणि मध्ये रविवार आला तर आणखी एक. तोवर आपल्या हातात असतो तो फक्त ट्यूनिंग फोर्क. वेबर आणि रिने दोन्ही आपण शिकलेलो आहोत, त्यामुळे त्या काय असतात हे सांगत बसत नाही. ओपीडीत किंवा वॉर्डात काम करणाऱ्या तरुण डॉक्टरांसमोर खरा पेच वेगळा असतो: दोघींची उत्तरं जुळली नाहीत तर कोणाचं ऐकायचं?

हा पेच निव्वळ परीक्षेपुरता नाही. दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानात असेल, म्हणजे कंडक्टिव्ह असेल, तर चार दिवस इकडेतिकडे झाले तरी फारसं बिघडत नाही. अचानक आलेला सेन्सरीन्यूरल दोष मात्र थांबत नाही. तिथे स्टेरॉइड जितकं लवकर तितकं बरं, आणि पहिले दोन आठवडे हातचे गेले की फायद्याची आशा झपाट्याने कमी होते. म्हणून ऑडिओग्रामची वाट न पाहता त्याच खुर्चीत काहीतरी ठरवावं लागतं.

आधी फोर्कचं उरकून घेऊ. ५१२ हर्ट्झचा घ्या. मेडिसिनच्या वॉर्डातून उसना आणलेला १२८ चा फोर्क पायाची कंपनसंवेदना तपासायला उत्तम, पण कानासाठी नको. तो हाडावर ठेवला की पेशंटला आवाजाआधी थरथर जाणवते आणि तो ‘हो, येतंय’ म्हणून मोकळा होतो. १०२४ चा फार लवकर विरतो. ५१२ चा फोर्क आपल्या कोपरावर किंवा तळहाताच्या करंगळीकडच्या गादीवर हलकेच आपटायचा. टेबलाच्या कडेवर आपटला तर मूळ सुरासोबत वरचे सूरही उमटतात आणि पेशंट त्यांनाच उत्तर देतो.

आता रिने. ही चाचणी मला मनापासून आवडते, आणि पुढे जे सांगणार आहे ते तिला कमी लेखण्यासाठी नाही. ती प्रत्येक कानाचा वेगळा हिशेब देते, हे वेबरला जमत नाही. दोन्ही कान सारखेच कंडक्टिव्ह असले तर वेबर मधोमध राहतो आणि काहीच सांगत नाही. रिने मात्र दोन्हीकडे निगेटिव्ह येऊन सांगतो. पेशंटलाही प्रश्न सोपा जातो: कानामागे मोठा ऐकू येतो की कानासमोर? जुना वाहता कान, पडद्याला मोठं भोक, किंवा ओटोस्क्लेरोसिसचा संशय असलेली तरुण बाई, अशा ठिकाणी रिने फार स्वच्छ बोलतो. फक्त दोन गोष्टी सांभाळा. मास्टॉइडवर फोर्क घट्ट टेकवताना दुसऱ्या हाताने डोक्याला पलीकडून आधार द्या, आणि केस किंवा चष्म्याची काडी मध्ये येऊ देऊ नका. कानासमोर धरताना दोन्ही पाती कानाच्या नळीच्या रेषेत, साधारण दोन-अडीच सेंटिमीटरवर असावीत.

रिनेची अडचण अशी की छोटा दोष त्याला दिसत नाही. ५१२ चा रिने निगेटिव्ह व्हायला हाड आणि हवा यांच्यातला फरक साधारण २५ ते ३० डेसिबल तरी लागतो. मधल्या कानात थोडं पाणी साचलेल्या मुलाचा रिने म्हणूनच अनेकदा सरळ पॉझिटिव्ह येतो. त्याच मुलाचा वेबर मात्र त्या कानाकडे झुकलेला असतो, कारण पाच डेसिबलच्या फरकानेही वेबर सरकू शकतो.

तरीही माझं मन या कारणाने बदललं नाही. ते बदललं रिनेच्या एका खोडीमुळे. कवटीतून आवाज इतक्या सहज आरपार जातो की डाव्या मास्टॉइडवर ठेवलेला फोर्क उजव्या कॉक्लियालाही जवळजवळ तेवढाच ऐकू येतो. हवेतून येणारा आवाज पलीकडच्या कानात पोहोचेपर्यंत बराच क्षीण होतो, हाडातून येणारा जेमतेम शून्य ते दहा डेसिबलने. डावा कान पूर्ण गेला असेल तर कानासमोर धरलेला फोर्क पेशंटला ऐकूच येत नाही, पण मागे टेकवलेला येतो. ऐकतो चांगला कान, आणि श्रेय मिळतं मेलेल्या कानाला. वहीत नोंद होते ‘रिने निगेटिव्ह’, म्हणजे कंडक्टिव्ह. ज्या पेशंटला तातडीने उपचार हवा, नेमका तोच नाकाचे थेंब आणि सर्दीच्या गोळ्या घेऊन घरी जातो.

काटोलकडच्या एका पन्नाशीच्या संत्रा बागाईतदाराचं उदाहरण घ्या. चौथ्या दिवशी आला आणि म्हणाला, “डॉक्टरसाहेब, डाव्या कानानं काहीच आयकू नाही येऊन राहिलं. सर्दीनं बसला असन म्हणून गोळ्या घेतल्या.” त्या कानात एकसारखा ‘सूं’ आवाज, चक्कर नाही. दोन्ही पडदे अगदी नॉर्मल. उजवा रिने पॉझिटिव्ह. डावा रिने निगेटिव्ह: मागे ठेवला की “येते”, पुढे आणला की “नाही येत”. एवढ्यावर थांबलं असतं तर कागदावर कंडक्टिव्ह दोष झाला असता, आणि पडदा स्वच्छ असल्यामुळे कुणी यूस्टेशियन नळीला दोष देऊन मोकळं झालं असतं.

मग कपाळाच्या मध्यावर फोर्क टेकवला. “काका, आवाज कुठं येतोय?” त्यांनी लगेच उजव्या कानाला हात लावला. इथेच गाठ सुटते. डावा दोष खरोखर कंडक्टिव्ह असता, आणि हवा-हाडातला फरक रिने उलटण्याइतका मोठा असता, तर वेबर डावीकडे ओढला जायलाच हवा होता. बाहेरचा आवाज अडलेला कान हाडातून आलेला आवाज जास्त जोरात ऐकतो. स्वतःच्या एका कानात बोट घालून ‘हं’ करून पाहा, आवाज त्याच बाजूला जाईल. इथे तो उलट पळाला, म्हणजे डावा रिने खोटा.

खात्री करायला उजवा कान गोंगाटाने व्यापून टाकायचा. बॅरनीची पेटी असेल तर उत्तम. नसेल तर नर्सला उजव्या कानाजवळ कोरा कागद चुरगळत राहायला सांगा, किंवा पेशंटच्या उजव्या ट्रेगसवर बोट ठेवून ते सतत चोळत राहा. हे मास्किंग मोजूनमापून केलेलं नसतं, पण अशा पेशंटमध्ये बहुतेक वेळा पुरतं. काकांच्या उजव्या कानाजवळ कागद चुरगळत असताना डाव्या मास्टॉइडवर पुन्हा फोर्क ठेवला. आता “नाही येऊन राहिला.” शुगर तपासून त्याच दिवशी प्रेडनिसोलोन सुरू केलं, किलोमागे एक मिलिग्रॅम, दिवसाला ६० च्या वर नाही. ऑडिओग्राम नंतर झाला आणि डाव्या कानाचा मोठा सेन्सरीन्यूरल दोष त्यात दिसला. कान किती परत येईल हे कोणतीच फोर्कची चाचणी सांगू शकत नाही, पण औषध वेळेत पोटात गेलं ते वेबरमुळे.

वेबरलाही दोष आहेतच, आणि ते लपवून त्याची बाजू मांडणं बरोबर होणार नाही. त्याचं उत्तर नेहमी तुलनेतलं असतं. दोन्ही कानांत दोष असेल, एकाचा कंडक्टिव्ह आणि दुसऱ्याचा सेन्सरीन्यूरल, तर त्याच्या झुकण्याचा अर्थ लावणं अवघड होतं. लहानपणापासून एक कान गेलेल्यांमध्ये तो कधीकधी मध्येच राहतो. पण व्यवहारात सर्वांत जास्त त्रास होतो तो पेशंटच्या तर्काचा. कंडक्टिव्ह दोष असलेल्याला आवाज बिघडलेल्या कानात येतो, पण ‘ज्या कानानं ऐकू येत नाही त्यातच आवाज कसा येईल?’ असं वाटून तो चांगल्या कानाकडे बोट दाखवतो. म्हणून आधीच सांगावं लागतं: “विचार करू नका, वाईट कानातही येऊ शकतो, जिकडे वाटेल तिकडे बोट दाखवा.” उत्तर डळमळीत वाटलं तर फोर्क वरच्या पुढच्या दातांवर टेकवा. कपाळापेक्षा तिथे आवाज जास्त स्पष्ट येतो, फक्त दात स्वतःचे असावेत, कवळी नको. फोर्क अर्थातच पुसून.

नागपुरात आणखी एक गोष्ट. मे महिन्यात वॉर्डात डेझर्ट कूलर धडाडून चालू असतो आणि तो बंद करा म्हटलं की सगळे आपल्याकडे पाहतात. तरीही चाचणीपुरता बंद करायलाच हवा. कूलरच्या गोंगाटात फोर्कचा आवाज दबतो आणि धडधाकट कानाचा रिनेही शंकास्पद होतो. याची झळ रिनेलाच जास्त बसते. एका बाजूचा कान गेलेल्या माणसात वेबर अशा खोलीतही बहुतेक वेळा निभावून नेतो, निदान माझा तरी अनुभव तसाच आहे.

तर माझा क्रम असा. एका कानाची नवी तक्रार असेल तर आधी वेबर, कूलर बंद करून, ५१२ ने. मग दोन्ही कानांचा रिने. वेबर खराब कानाकडे आणि त्याच कानाचा रिने निगेटिव्ह, तर दोष कंडक्टिव्ह, मळ, पाणी, पडदा, हाडांची साखळी यांत शोधा. वेबर खराब कानाकडे पण रिने पॉझिटिव्ह, तर छोटा कंडक्टिव्ह दोष मनात ठेवा. वेबर चांगल्या कानाकडे, तर खराब कानाचा रिने काहीही म्हणो, चांगला कान मास्क केल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नका. जुने वाहते कान आणि दोन्ही बाजूंचे दोष यांच्यासाठी रिनेला पहिला मान द्यायला माझी हरकत नाही. अनुभवी सहकारी कदाचित इथे वेगळं मत देतील. पण अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालेला माणूस समोर असताना माझं माप वेबरकडेच झुकतं.

ऑडिओमेट्रीच्या चिठ्ठीवर नुसतं ‘हिअरिंग लॉस’ लिहू नका. ‘तक्रार चार दिवसांची, वेबर उजवीकडे, डावा रिने मास्किंगशिवाय निगेटिव्ह, मास्किंगनंतर हाडानेही ऐकू नाही’ असं पूर्ण लिहा. ऑडिओलॉजिस्ट मग उजव्या कानाला मास्किंग देऊनच डाव्याची बोन कंडक्शन मोजतील, आणि दारात रांग असली तरी त्या पेशंटला आधी आत घेतील.