आइस मेकरवाला फ्रिज: आठ महिने वापरल्यानंतर

कूलिंग, आवाज, वीज यांबद्दल काही तक्रार नाही, फ्रिज म्हणून उत्तम. पण जास्तीचे पैसे मोजले ते आइस मेकरसाठी, त्यामुळे बोलणार त्याच्यावरच.

दोनेक महिन्यांपासून बर्फ लहान यायला लागला. मग पोकळ: वरून पातळ कवच, आत पाणी, बोटाने दाबलं की फुटतं. शेवटी बर्फच बंद. सर्व्हिसवाल्याने ट्रे पाहिला आणि 'पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल' असं सांगून मोकळा झाला. वॉरंटीत ती बसत नाही, हेही वर. मी तिथेच दोन स्टार देऊन टाकले होते.

पण एक गोष्ट खटकत होती. मोटर फिरत होती, साचा गार होत होता. म्हणजे बिघाड पाण्यात. या यंत्राला पाण्याची पातळी कळत नाही; मागचा व्हॉल्व्ह ठरावीक सेकंद उघडतो, बहुतेक फ्रिजमध्ये ७ च्या आसपास. तेवढ्या वेळात दाब कमी असेल तर साचा अर्धाच भरतो. थोडं पाणी कडेने पटकन गोठतं, साचा ठरलेल्या तापमानाला येतो आणि आतलं गोठायच्या आधीच बर्फ बाहेर ढकलला जातो.

आमच्याकडे फ्रिजची नळी आरओच्या टाकीवरून घेतलेली. बाटल्या भरल्या की टाकी रिकामी होते, दाब पडतो. सुरुवातीला सकाळचा बर्फ भरीव आणि रात्रीचा पोकळ यायचा, तो यामुळे. बहुतेक व्हॉल्व्हना किमान २० पीएसआय लागतो, आणि तो फक्त भरण्यासाठी नाही. व्हॉल्व्हचा पडदा घट्ट बसतो तोही पाण्याच्याच दाबाने. दाब नसला की पाणी थेंब थेंब गळत राहतं आणि फ्रीझरमध्ये शिरणाऱ्या भरणनळीच्या तोंडाशी गोठतं. बर्फ बंद पडला तो या बुचामुळे!

फ्रिज बंद करून, प्लग काढून, हेअर ड्रायर कमी गरम ठेवून नळी मोकळी केली. ड्रायर एकाच जागी धरू नका, प्लास्टिक वाकडं होतं. नुसतं एवढं करून थांबलात तर बूच पुन्हा बसणारच, कारण गळती तशीच राहते. म्हणून प्लंबरकडून नळी आरओवरून काढून थेट थंड पाण्याच्या लाइनला जोडली, फ्रिजचा स्वतःचा फिल्टर आहेच. तोही नवा घातला. तुंबलेला फिल्टर दाब असाच खातो. मग प्लग काढलेलाच ठेवून नळीच्या तोंडाशी टिश्यू धरला: कोरडा. पूर्ण दाबाला ओला झाला असता, तर व्हॉल्व्ह बदलावा लागला असता. असेंब्ली तरीही नाही.

पहिल्या दोन खेपांचा बर्फ फेकला. आता खडे भरीव येतात.

स्टार चार केलेत. पाचवा अडवलाय, कारण आरओवर जोडू नका किंवा दाब आधी मोजून घ्या, हे बसवायला आलेल्या माणसाने सांगायला हवं होतं.