‘हा कोण?’ म्हणून अनोळखी माणसाचा फोटो आला तर: नाव, चेहऱ्याचा शोध की फक्त दिसतं तेवढं वर्णन?

सोसायटीच्या किंवा गावाच्या ग्रुपवर रात्री उशिरा एक फोटो येतो आणि खाली दोनच शब्द असतात: ‘कोण हा?’ तुम्ही ॲडमिन असाल, सोसायटीचे सेक्रेटरी असाल किंवा ‘याला फोटोतलं कळतं’ असं लोक तुमच्याबद्दल म्हणत असतील, तर उत्तराची वाट तुमच्याकडूनच पाहिली जाते. तुमच्यापुढे तीन मार्ग असतात. ओळखीचा वाटला तर नाव सांगायचं, चेहरा इंटरनेटवर शोधायचा, किंवा ओळख सांगायला नकार देऊन फोटोत जे दिसतंय ते नीट लिहून द्यायचं. माझा कल तिसऱ्या मार्गाकडे आहे, पण त्याच्याही मर्यादा आहेत. म्हणून तिन्ही मार्ग एकाच फोटोवर लावून पाहू.

फोटो असा धरा. एका इमारतीच्या पार्किंगमधल्या सीसीटीव्हीचं रात्रीचं चित्र. कोणीतरी मॉनिटरच्या पडद्यावरूनच मोबाइलने टिपलंय, त्यामुळे त्यावर आडव्या लहरी उमटल्यात. कोपऱ्यात वेळ 02:14. स्कूटरच्या रांगेजवळ एक माणूस उभा आहे, पाठीवर मोठी चौकोनी बॅग, डोक्यावर टोपी, चेहरा अर्धवट वळलेला.

पहिला मार्ग: नाव सांगणं

यात सगळ्यात पटकन उत्तर मिळतं, आणि इथेच सगळ्यात मोठी चूक होते. अशा चित्रातला चेहरा बोटाच्या नखाएवढा असतो. डोळे, नाक, जिवणी प्रत्येकी चार-दोन ठिपक्यांत बसतात, आणि उरलेला चेहरा आपला मेंदू आठवणीतून भरून काढतो. ‘हा तर पलीकडच्या इमारतीतला वॉचमन’ असं कोणी ठामपणे म्हणालं, की पुढच्या दहा जणांनाही तो वॉचमनच दिसू लागतो. ते दहा जण दहा साक्षीदार नसतात. एकाच अंदाजाला दहा वेळा मान डोलावलेली असते.

नाव न घेताही ओळख सांगता येते, हे लक्षात ठेवायला हवं. ‘ही ती मुलं पळवणारी टोळी’ हेसुद्धा ‘कोण हे?’ या प्रश्नाचं उत्तरच आहे. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याच्या आठवडी बाजारात, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने याच संशयावरून ठार मारलं. भिक्षेसाठी गावोगाव फिरणारी माणसं होती ती. मुलं पळवली जात असल्याच्या अफवा तेव्हा मोबाइलवरून पसरल्या होत्या. त्या काळात भारतभर फिरलेल्या एका व्हिडिओत दुचाकीवरून मूल उचलताना दिसत होतं. तो कराचीतल्या जनजागृतीच्या एका फिल्मचा तुकडा होता, शेवटचा खुलासा कापून टाकलेला. चित्रात जे दिसत होतं ते खरंच घडलेलं होतं, कॅमेऱ्यासमोर. ‘हे कोण आणि कुठले’ हे मात्र पाठवणाऱ्याने चिकटवलेलं होतं.

नाव सांगणं योग्य ठरतं ते एका प्रकारात. सार्वजनिक कार्यक्रमातली सार्वजनिक व्यक्ती, आणि मागचा फलक किंवा बातमीतली फोटोओळ त्या नावाला आधार देत असेल, तर नाव सांगायला हरकत नाही. तिथे आपण चेहऱ्यावर विसंबत नसतो, फलकावर आणि फोटोओळीवर विसंबतो.

दुसरा मार्ग: इंटरनेटवर शोधणं

इथे दोन अगदी वेगळी कामं एकाच नावाखाली गोळा होतात. गूगल लेन्स किंवा टिनआय हाच फोटो, किंवा त्याची कापलेली-छाटलेली प्रत, आधी कुठे प्रसिद्ध झाली आहे का ते दाखवतात. पिमआयज सारखी सेवा चेहरा घेते, त्याचं आकड्यांत रूपांतर करते आणि जवळचे आकडे असलेले चेहरे समोर ठेवते, मग फोटो कुठलाही असो.

पहिलं काम मी बिनदिक्कत सुचवीन. लष्करी गणवेशातला फोटो पाठवून जुनं फर्निचर विकायला काढणारा ‘जवान’ असो किंवा लग्नाच्या साइटवरचं फारच देखणं स्थळ, तिथे आपला खरा प्रश्न ‘हा कोण’ हा नसतो. ‘हा फोटो दुसऱ्याचा चोरलेला आहे का’ हा असतो. तोच फोटो तीन वर्षांपूर्वी वेगळ्याच संदर्भात सापडला, तर समोरचा खोटं बोलतोय एवढं कळतं, आणि व्यवहार थांबवायला एवढं पुरतं. फोटोतल्या माणसाचं नाव शोधायची गरजच उरत नाही. उलट तो बिचारा बहुतेक वेळा स्वतःच फसवला गेलेला असतो, त्याचा चेहरा परस्पर वापरलेला असतो.

चेहऱ्याच्या शोधाची गोष्ट वेगळी. तो साम्य शोधतो आणि आपण ते ओळख म्हणून वाचतो. कोट्यवधी चेहऱ्यांत कोणी ना कोणी बरंच सारखं दिसणारं असतंच. अमेरिकेत डेट्रॉइटच्या पोलिसांनी दुकानातल्या चोरीच्या धूसर चित्रावरून असा शोध घेतला. त्यात रॉबर्ट विल्यम्स यांच्या मुदत संपलेल्या ड्रायव्हिंग लायसन्सचा फोटो वर आला. जानेवारी 2020 मध्ये त्यांना घरासमोर, बायको-मुलींच्या देखत अटक झाली आणि जवळपास तीस तास कोठडीत राहावं लागलं. चोर ते नव्हतेच. 2024 मध्ये शहराने त्यांना तीन लाख डॉलर भरपाई दिली. त्याआधी, एप्रिल 2019 मध्ये, ईस्टरच्या बाँबस्फोटांनंतर श्रीलंकेच्या पोलिसांनी संशयितांच्या यादीत अमेरिकेतल्या एका विद्यार्थिनीचा फोटो प्रसिद्ध केला आणि नंतर चूक झाल्याचं जाहीर केलं. हाताशी तपास यंत्रणा असूनही त्यांचं असं होतं. आपल्या हातात तर पडद्यावरून टिपलेला, लहरी उमटलेला फोटो आहे.

आणि शोध बरोबर निघाला तर? लोकलमध्ये समोर बसलेल्या मुलीचा गुपचूप काढलेला फोटो ‘कोण ही, कळेल का?’ असं विचारत आला, तर बरोबर उत्तरच सगळ्यात घातक. तिचं नाव, कॉलेज, गाव एका अनोळखी माणसाच्या हातात जातं आणि तिला त्याचा पत्ताही नसतो. अशा फोटोचं तर वर्णनही लिहू नये. कपडे, डबा, उतरण्याचं स्टेशन, हे सगळं पाठलागाला पुरेसं असतं.

तिसरा मार्ग: दिसतं तेवढं सांगणं

आता पार्किंगच्या फोटोकडे परत. मी असं उत्तर देईन:

‘हा माणूस कोण आहे ते मी चेहऱ्यावरून सांगणार नाही, फोटो त्या लायकीचाही नाही. दिसतं ते असं: एक प्रौढ माणूस, पुरुष असावा. डोक्यावर पुढे छज्जा असलेली टोपी. चित्रात फिकट दिसणारा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. पाठीवर ताठ कडांची चौकोनी बॅग, बाजूला पट्टा चमकतोय. उजव्या हातात उजळलेली वस्तू, बहुधा फोन, आणि नजर तिच्याकडे. हात कुठल्याही गाडीला लागलेला नाही. पडद्यावरची वेळ 02:14. शर्टाचा रंग आणि घड्याळ या दोन्हींवर विसंबू नका.’

शेवटचं वाक्य का, ते सांगतो. रात्री हे कॅमेरे अवरक्त प्रकाशावर चालतात, म्हणून चित्र कृष्णधवल येतं. त्या प्रकाशात काळ्या रंगाचं कृत्रिम धाग्याचं कापड पुष्कळदा फिकट, अगदी पांढरटही दिसतं. ‘पांढऱ्या शर्टातला माणूस’ असं लिहिलंत, तर सकाळी वॉचमन भलत्यालाच अडवेल. उंचीचंही तसंच. वर छताला लावलेला कॅमेरा माणसाला ठेंगणं दाखवतो आणि रुंद भिंगाच्या कडेला आलेला माणूस फुगलेला दिसतो. म्हणून उंची फुटात न सांगता ‘शेजारच्या स्कूटरच्या आरशापेक्षा इतका वर’ असं लिहावं. नंतर कोणालाही त्याच जागी उभं करून ते पडताळता येतं. रेकॉर्डरचं घड्याळ पुढे-मागे झालेलं असतं, ते मोबाइलच्या वेळेशी ताडून फरक टिपून ठेवावा.

वर्णनातून प्रश्न पुढे सरकतो, हा त्याचा मोठा फायदा. ताठ चौकोनी बॅग, चमकणारा पट्टा, फोनकडे नजर, हे वाचल्यावर कोणाच्याही मनात येतं की काही पोचवायला आलेला माणूस पत्ता शोधत असेल. पण तेही मी उत्तरात लिहिणार नाही, कारण तो अंदाज आहे. मी फक्त विचारीन, ‘त्या सुमाराला कोणी काही मागवलं होतं का?’ एखाद्या घरातून ‘हो, आम्हीच’ आलं, तर गोष्ट तिथेच मिटते. नाही आलं, तर पडद्याचा फोटो बाजूला ठेवून रेकॉर्डरमधून त्या वेळेच्या आगेमागची मूळ क्लिप उतरवून घ्यायची आणि पोलिसांकडे द्यायची. हे लवकर करावं, कारण डिस्क भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. आणि ती क्लिप व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, नाहीतर आकार कमी करताना उरलासुरला तपशीलही जातो.

वर्णनाची खरी परीक्षा जे लिहायचं नाही त्यात आहे. ‘परप्रांतीय वाटतो’, ‘त्या समाजाचा दिसतो’, ‘नशेत असावा’, यातलं काहीच फोटोत नसतं. टोपीचा, दाढीचा, झोळीचा उल्लेख करता येतो, त्यांवरून माणसाची जात, धर्म, धंदा काढता येत नाही. गाडीचा नंबर किंवा छातीवरच्या बिल्ल्यावरचं नाव वाचता येत असेल, तर ते खरोखर दिसतं, पण ग्रुपवर टाकण्यासारखं नाही. ते फक्त पोलिसांना सांगायचं, आणि तेही ‘बिल्ल्यावर हे लिहिलंय’ अशा शब्दांत. बिल्ला दुसऱ्याचाही असू शकतो.

या मार्गाची किंमतही आहे. विचारणारा घाबरलेला असतो, त्याला नाव हवं असतं, आणि तुमचं उत्तर त्याला टाळाटाळ वाटतं. म्हणून नकार एका वाक्यात संपवावा आणि वर्णन भरघोस द्यावं. नुसता नकार दिला, तर ग्रुपवर दुसरा कोणीतरी नाव सांगून मोकळा होतो.

मग कधी काय निवडावं

संशयाचा फोटो असेल, तर वर्णन आणि मूळ क्लिप. व्यवहारातली फसवणूक असेल, तर मूळ फोटोचा शोध. हरवलेल्या आजोबांचा फोटो स्टँडवरून आला, तर मात्र वर्णन फोटोबरोबर फिरवण्यापेक्षा आधी 112 वर कळवावं. कपडे, चष्मा, हातातली पिशवी, कुठल्या फलाटावर बसलेत आणि स्वतःचं नाव काय सांगतात, हे फोनवर सांगता येतं. घरच्यांनी तक्रार दिली असेल, तर ती तिथेच जुळते. एकटं सापडलेलं मूल असेल, तर 1098. मुलाचा फोटो ग्रुपवर आलाच असेल, तर पाठवणाऱ्याला तो काढून टाकायला सांगा, कारण ‘हा माझा पुतण्या’ म्हणत घ्यायला येणाऱ्याला मुलाच्या अंगावरच्या कपड्यांपर्यंत सगळी माहिती त्या फोटोनेच पुरवलेली असते.