नकाशाच्या अ‍ॅपवर बस-रेल्वेचा प्रवास आखणं: सोलापुरातला काही महिन्यांचा अनुभव

गाडी चालवायचा रस्ता दाखवायला हे अ‍ॅप चांगलंच आहे, त्याबद्दल काही सांगत नाही. मी वापरतो ते मुख्यतः बस-रेल्वेच्या टॅबसाठी. घरी पुण्याहून, कधी लातूरकडून पाहुणे येत असतात आणि कुठे उतरायचं हे विचारायला फोन मलाच येतो.

सगळ्यात आधी अक्कलकोट. पुण्याच्या आत्याला स्वामींच्या दर्शनाला जायचं होतं. तिने अ‍ॅपमध्ये पाहिलं आणि फोन केला, "अरे, अक्कलकोटला थेट गाडी आहे की, सोलापूरला कशाला उतरू?" अ‍ॅपने दाखवलेलं स्टेशन होतं अक्कलकोट रोड. नावात गाव असलं तरी हे स्टेशन गावापासून दहा-अकरा किलोमीटरवर आहे. निकालात रेल्वेची जाड रेघ संपली की पुढे बारीक ठिपक्यांची रेघ लागते, ती चालायची. आत्याने ती पाहिलीच नव्हती. यादीच्या ओळीत रेल्वेचं चिन्ह मोठं दिसतं, चालणाऱ्या माणसाचं चिन्ह आणि मिनिटं त्याच्या शेजारी कोपऱ्यात बसलेली असतात.

आकडे मांडले की फरक कळतो. समजा गाडी सोलापूरला 9:20 ला आणि अक्कलकोट रोडला 9:55 ला येते. अ‍ॅप चालण्याचा वेग ताशी साधारण पाच किलोमीटर धरतं, म्हणजे अकरा किलोमीटरला सव्वादोन तास. देवळात पोचायला बारा वाजून गेले. त्यातून मे महिन्यात सोलापूरकडचं ऊन चाळिशीच्या वर गेलेलं असतं, ते अ‍ॅपच्या हिशेबात नाहीच. उलट सोलापूरला उतरून एसटी स्टँडपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं चाललं किंवा रिक्षा केली आणि दहाची एसटी मिळाली, तर तासा-सव्वा तासात अक्कलकोट. हा पर्याय आत्याच्या निकालात नव्हता, कारण आमच्याकडच्या सगळ्या एसटी अ‍ॅपमध्ये दिसत नाहीत. अ‍ॅपला जेवढी वेळापत्रकं मिळतात त्यातूनच ते मार्ग जोडतं, बाकीची जागा चालून भरतं. म्हणून चालायची मिनिटं तीस-चाळीसच्या वर दिसली की मी समजतो, इथे एखादी बस किंवा वडाप अ‍ॅपला ठाऊक नाही. मग स्टँडवर चौकशी करायची.

दुसरी गोष्ट गाडी बदलण्याची. कुर्डुवाडीला उतरून पंढरपूरची गाडी धरायची असेल तर अ‍ॅप मधला वेळ दाखवतं, समजा बारा मिनिटं. हा वेळ वेळापत्रकातल्या दोन वेळांची वजाबाकी असते. पहिली गाडी पंधरा मिनिटं उशिरा आली की सगळा मार्गच मोडतो, आणि आधी आखलेल्या मार्गात तसा इशारा कुठे दिसत नाही. पूल चढून दुसऱ्या फलाटावर जायचं, सोबत म्हातारं माणूस आणि दोन बॅगा, हेही त्यात धरलेलं नसतं. मी बारा मिनिटांकडे फार बघत नाही. दुसऱ्या गाडीवर बोट ठेवून त्या स्टेशनच्या सुटण्याच्या वेळा उघडतो आणि ही चुकली तर पुढची कधी, ते पाहतो. वीस मिनिटांनी बस असेल तर बारा मिनिटंही चालतात. पुढची गाडी चार तासांनी असेल तर मधे तासभर असला तरच मी तो मार्ग घेतो, नाहीतर सोलापूरहूनच पंढरपूरची एसटी धरतो.

वेळ थेट आहे की छापील, हे ओळखायलाही शिकावं लागतं. गाडी कुठे आहे हे अ‍ॅपला खरंच कळत असेल तर वेळेशेजारी लहरींची छोटी खूण येते किंवा उशीर लाल अक्षरांत दिसतो. नुसती काळी वेळ म्हणजे छापील वेळापत्रक. निघताना रेल्वेची खरी स्थिती मी 139 वर किंवा रेल्वेच्याच एनटीईएसवर बघतो.

मध्यरात्रीनंतरच्या गाड्यांत गफलत जास्त होते. शनिवारी रात्री निघायचं म्हणून तारीख शनिवारची लावली तर 00:40 ची गाडी दिसते, पण ती रविवारची असते आणि तिकीटही रविवारचंच काढावं लागतं. अ‍ॅप पुढच्या दिवसाची नोंद बारीक अक्षरांत देतं. पाहुण्यांना मी कायम वारासकट सांगतो, "शनिवारी जेवून निघा, गाडी रविवारी लागते."

पोचायची वेळ ठरलेली असेल तर `Depart at` ऐवजी `Arrive by` निवडलेलं बरं. पुण्यात अकराची डॉक्टरची वेळ असेल तर ते उलटं मोजून सकाळची कुठली गाडी पुरते ते सांगतं. पण आरक्षण मिळेल का हे त्याला विचारून उपयोग नाही, आणि ते मिळालं नाही तर आखलेला मार्ग तिथेच अडतो. म्हणून आधी तिकीट पाहायचं, मग चालण्याची मिनिटं.

पाचपैकी साडेतीन. पुण्या-मुंबईत उतरल्यावर स्थानिक बस शोधायला पाच दिले असते.