नव्या रॉक बँडचे श्रोते: रेडिओच्या काळात आणि स्ट्रीमिंगच्या काळात

१९८१ मध्ये अमेरिकेतल्या अथेन्स या कॉलेजच्या गावातल्या आर.ई.एम. या बँडची पहिली सिंगल एका छोट्या लेबलनं काढली. मोठ्या स्टेशनांवर तिला जागा नव्हती. तिथे गाणं लागावं म्हणून रेकॉर्ड कंपन्या मध्यस्थ प्रमोटरांना पैसे मोजत. आर.ई.एम.ला हात दिला तो कॉलेज रेडिओनं. तिथे विद्यार्थी आपल्या आवडीच्या रेकॉर्ड लावत. अशा स्टेशनचा आवाका गावापुरता, पण ऐकणारा त्याच गावचा. बँड तिथल्या क्लबात वाजवायला आला की तोच तिकीट काढून समोर उभा. व्हॅनमधून अशी गावं पालथी घालत आर.ई.एम. अमेरिकेच्या टॉप टेनमध्ये पोचला १९८७ मध्ये. सहा वर्षं लागली, पण त्या सहा वर्षांत जमलेला श्रोता बँडचा होता, एकाच गाण्याचा नव्हता.

आता दिल्लीचा मेटल बँड ब्लडीवूड बघा. आपल्याकडचे खासगी एफएम बहुतेक सिनेमाची गाणी लावतात, मेटलला तिथे वाव नाही. ब्लडीवूडनं यूट्यूबवर ओळखीच्या गाण्यांची मेटल रूपं टाकली. २०१८ मध्ये 'तुनक तुनक तुन' आलं आणि २०१९ मध्ये ते जर्मनीच्या वाकेन फेस्टिवलमध्ये वाजवत होते. त्यांचा 'रक्षक' अल्बम आला २०२२ मध्ये, तोही स्वतःच काढलेला. रेडिओच्या काळात हा क्रम अशक्यच होता.

मग रेडिओचा विचार सोडून द्यायचा का? माझ्या मते माध्यम स्ट्रीमिंगचंच घ्यावं, पण श्रोते गाठायची पद्धत कॉलेज रेडिओची ठेवावी. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम धरला जातो, त्यामुळे कामं करताना लावलेल्या प्लेलिस्टमध्ये वाजून गेलेलं गाणंही आकडा फुगवतं. ऐकणाऱ्याला बँडचं नावही माहीत नसतं. शिवाय एका गाण्याला वर्षात हजार स्ट्रीम झाले नाहीत, तर २०२४ पासून त्याचे पैसेच मिळत नाहीत. मध्यस्थाचा हिस्साही गेलेला नाही: गाणं शिफारशीत पुढे आणणारा स्पॉटिफायचा डिस्कव्हरी मोड घेतला तर शिफारशीतून आलेल्या स्ट्रीमच्या रॉयल्टीतला काही भाग सोडावा लागतो.

म्हणून कलाकारांना आपले आकडे दाखवणारं Spotify for Artists उघडल्यावर एकूण स्ट्रीमच्या आधी दोन गोष्टी बघा: किती जणांनी गाणं सेव्ह केलं आणि ऐकणारे कोणत्या शहरांत आहेत. स्ट्रीम भरपूर, सेव्ह नगण्य, असं दिसलं तर ती प्लेलिस्टची कमाई. प्लेलिस्टमधून गाणं निघालं की आकडा कोसळतो. पुण्यातल्या बँडला पुण्यात दोनशे आणि नाशकात ऐंशी ऐकणारे दिसले, तर पुढचा शो नाशकात लावावा. नवं गाणं प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी Spotify for Artists मधूनच स्पॉटिफायच्या संपादकांना पाठवा, म्हणजे फॉलो करणाऱ्यांच्या रिलीज रडार या नव्या गाण्यांच्या प्लेलिस्टमध्ये ते येतं. रील्स मात्र शोच्या तारखेला आणि गावाला धरूनच करा, नाहीतर लोक तो एक तुकडा ऐकून पुढे सरकतात.